‘ओके’ म्हणजे ‘हो’ नव्हे

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फूट झालं की इशारा, 43 फूट झालं की धोका. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर या दोन आकड्यांकडे डोळे लावून असतं. ही अट लावणं सोपं आहे, कारण नदी फुटांतच बोलते. ती ‘बऱ्यापैकी’ म्हणत नाही, ‘चाललंय’ म्हणत नाही. पूर ओसरल्यावर मदतीच्या याद्या करायची वेळ येते तेव्हा मात्र बोलतात ती माणसं, आणि माणसांना आपण विचारतो, “घरात पाणी शिरलं होतं का?” मग एकाच ‘हो’ची वीस रूपं समोर येतात. अट लावायच्या आधी त्या वीस रूपांचं काय करायचं, याबद्दल लिहायचं आहे. ऐकायला हे कारकुनी काम वाटेल. पण यादीतून कुणाचं नाव गळतं ते बऱ्याचदा इथेच ठरतं, आणि ते कुणी मुद्दाम गाळलेलंही नसतं.

2021 मध्ये बकरी ईद 21 जुलैला झाली आणि लगेच पुढच्या दोन-तीन दिवसांत पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. कोरोनाचे निर्बंध होतेच. घरोघर फिरून नोंद घेणं अवघड होतं, म्हणून बऱ्याच याद्या मोबाईलवर तयार झाल्या. कुणीतरी गूगल फॉर्म बनवायचा, तो व्हॉट्सॲपवर फिरायचा. ज्यांना भरता यायचा ते भरायचे. ज्यांना यायचा नाही त्यांना मोहल्ल्यातली कॉलेजची पोरं फोन करून विचारायची आणि उत्तर ऐकू आलं तसं टाइप करायची. मी बावड्यातल्या अशा एका यादीच्या कामात होतो. राशनचं किट कुणाला द्यायचं याची अट साधी होती: घरात पाणी शिरलेलं असावं आणि आधी कुठून मदत मिळालेली नसावी. अट दोन ओळींची होती, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खी रात्र लागली.

काम कसं असतं ते दाखवण्यासाठी दहा उत्तरं घेऊ. ही कुणा घराची खरी उत्तरं नाहीत. अशा याद्यांत जी येतात तशी मी रचली आहेत. प्रश्न, “घरात पाणी शिरलं होतं का?” उत्तरं अशी: पहिलं ‘हो’. दुसरं ‘व्हय’. तिसरं `Yes`. चौथं `yeah`. पाचवं `ok`. सहावं ‘जी’. सातवं ‘नाही कसं, कमरेइतकं’. आठवं ‘नाही हो’. नववं ‘हो, 2019 ला’. दहावं रिकामं.

आता घाईत असलेला माणूस काय करतो? तो शीटमध्ये ‘हो’ शोधतो:

```
=COUNTIF(B2:B11,"हो")
```

उत्तर येतं 1. दहा घरांत एकाच घरात पाणी शिरलं, असा त्याचा अर्थ होतो. हे चुकीचं आहे एवढं कुणालाही कळतं, म्हणून तो पुढची युक्ती करतो. उत्तरात कुठेही ‘हो’ आलं तरी धरायचं:

```
=COUNTIF(B2:B11,"*हो*")
```

आता येतात 3. आकडा वाढला म्हणून समाधान वाटतं, पण ते तीन कोणते आहेत पाहा. पहिलं ‘हो’ ठीक. दुसरं आठव्या क्रमांकाचं ‘नाही हो’, म्हणजे सरळ नकार. आपल्या बोलण्यात ‘हो’ नुसता आर्जवासाठीही येतो, “असं काय करता हो?” मधला, तो हा ‘हो’. आणि तिसरं नवव्याचं, जे 2019 च्या पुराबद्दल बोलतंय. म्हणजे तिनांतलं एकच खात्रीचं. उलट ज्याच्या घरात कमरेइतकं पाणी होतं तो सातवा माणूस ‘नाही’ शोधणाऱ्या सूत्रात नकार म्हणून सापडतो, कारण त्याने ‘नाही कसं’ म्हटलंय. ‘व्हय’ म्हणणारा कुठल्याच सूत्रात सापडत नाही. तो यादीत आहे, त्याने उत्तर दिलंय, तरी मोजणीत नाही.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. अट थेट उत्तराला लावायची नाही. मध्ये एक तक्ता ठेवायचा. तक्त्याच्या डाव्या बाजूला लोकांनी जसं लिहिलं तसं प्रत्येक वेगळं उत्तर, उजव्या बाजूला आपण ठरवलेल्या चारच किमती: ‘हो’, ‘नाही’, ‘तपासा’, ‘रिकामं’. मूळ उत्तराच्या कॉलमला हात लावायचा नाही. शेजारी नवा कॉलम घ्यायचा, त्यात तक्त्यावरून आलेली किंमत लिहायची आणि अट फक्त त्या नव्या कॉलमला लावायची. डाव्या बाजूची यादी हाताने करावी लागत नाही. `UNIQUE` हे सूत्र सगळी वेगवेगळी उत्तरं एकेकदा काढून देतं. शेकडो ओळी असल्या तरी वेगळी उत्तरं सहसा त्यांच्या मानाने खूपच कमी निघतात, आणि तेवढी दोन माणसं बसून वाचू शकतात.

तक्ता तयार झाला की जोडणीचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
=IF(TRIM(B2)="","रिकामं",
 IFERROR(VLOOKUP(TRIM(B2),'तक्ता'!$A:$B,2,FALSE),"तपासा"))
```

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द शेवटचा आहे. तक्त्यात नसलेलं उत्तर आलं तर ते ‘तपासा’मध्ये जातं. बऱ्याच याद्यांत तिथे ‘नाही’ लिहिलेलं असतं. ‘हो’ सापडलं तर हो, नाहीतर नाही, असं सूत्र लिहायला छोटं पडतं म्हणून लोक तेच लिहितात. त्याचा परिणाम असा की जे उत्तर आपल्याला समजलं नाही ते माणसाचा नकार म्हणून नोंदलं जातं. आणि न समजणारी उत्तरं कुणाची असतात? ज्याला टाइप करणं जड जातं त्याची, जो बोलतो तसंच लिहितो त्याची, ज्या म्हातारीच्या वतीने शेजारच्या पोराने भरलंय तिची. ज्यांना किटची गरज जास्त, नेमके तेच गळतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, एवढं एका शब्दाने होतं.

आपल्या दहा उत्तरांवर हा तक्ता चालवू. हो, व्हय, `Yes`, `yeah`, जी आणि ‘नाही कसं, कमरेइतकं’ ही सहा ‘हो’मध्ये जातात. ‘नाही हो’ हे एक ‘नाही’त. `ok` आणि ‘हो, 2019 ला’ ही दोन ‘तपासा’त. एक रिकामं. सहा, एक, दोन आणि एक मिळून दहा. ही बेरीज प्रत्येक वेळी करायची. ती मूळ ओळींच्या संख्येशी जुळली नाही तर कुठेतरी ओळ हरवली आहे.

`ok` ‘हो’मध्ये का घातलं नाही, हा प्रश्न आमच्या कामातही निघाला होता. “ओके म्हणजे होच की!” पण तसं नाही. ‘हो’ हे माहितीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, ‘ओके’ हे सूचनेला दिलेली संमती आहे. “उद्या आधार कार्ड घेऊन या,” याला ‘ओके’ म्हणतात. “पाणी शिरलं होतं का?” याला सहसा कुणी ‘ओके’ म्हणत नाही. म्हणून त्या रकान्यात `ok` दिसलं की समजायचं, त्या माणसाने प्रश्न वाचलेला नाही किंवा वरच्या “फॉर्म भरा” या निरोपाला तो उत्तर देतोय. त्याच्या घरात पाणी शिरलं असेल, नसेलही. मात्र त्याच फॉर्ममध्ये पुढे “किट न्यायला रविवारी याल का?” हा प्रश्न असेल, तर तिथलं `ok` बिनधास्त ‘हो’मध्ये घाला. म्हणजे तक्ता शब्दाचा नसतो, प्रश्नाचा असतो. प्रत्येक प्रश्नाला त्याचा वेगळा तक्ता लागतो.

आपल्या घरांतल्या बोलीत हे आणखी ठळक दिसतं. “रविवारी याल का?” याला ‘इन्शाअल्लाह’ हे उत्तर येतं. येण्याचा इरादा आहे, म्हणून त्या प्रश्नाच्या तक्त्यात ते ‘हो’. “घरात आठवडाभराचं धान्य आहे का?” याला एखाद्या चाचींकडून ‘अल्हम्दुलिल्लाह’ येतं. हे ‘हो’ आहे का? असूही शकतं. पण डबे रिकामे असतानाही तक्रार न करणारी माणसं हेच म्हणतात. हा शब्द ‘हो’मध्ये घातला की त्या घरी धान्य आहे अशी नोंद होते आणि अट त्यांना बाहेर काढते. त्यांच्या सबुराची सजा त्यांनाच. त्या प्रश्नापुरतं ‘अल्हम्दुलिल्लाह’ला ‘तपासा’तच ठेवावं लागतं, आणि फोन करणाऱ्याने पुन्हा तोच प्रश्न न विचारता, “चाची, पीठ किती दिवस पुरेल?” असं विचारावं लागतं.

दुसऱ्या अटीचा प्रश्न याहून फसवा होता: आधी मदत मिळालेली नसावी. असा प्रश्न फॉर्मवर बऱ्याचदा “मदत अजून मिळाली नाही का?” असा लिहिलेला असतो. मराठीत बोलताना यात काही अडत नाही. समोरचा म्हणतो, “हो, नाही मिळाली.” त्याचा ‘हो’ आपल्या बोलण्याला दुजोरा देतो. पण फॉर्ममध्ये तो निम्मंच लिहितो, नुसतं ‘हो’. आता हा ‘हो’ “हो, नाही मिळाली”मधला, की “हो, मिळाली की”मधला? वाचून कळायला मार्ग नाही. कुणी ‘नाही’ लिहिलं तर ते बहुधा “नाही मिळाली” असतं, पण “नाही, मिळाली की” असंही असू शकतं. इथे कितीही नीट तक्ता केला तरी अर्थ परत येत नाही, कारण तो विचारतानाच हरवलेला असतो. अशा रकान्यातलं नुसतं ‘हो’ संपूर्ण ‘तपासा’त टाकायचं आणि फोन लावायचे. पुढच्या वेळी प्रश्न सरळ विचारायचा, “कुणाकडून मदत मिळाली का? कुणाकडून?” दुसऱ्या वाक्याला नाव आलं की पहिल्याचा अर्थ आपोआप पक्का होतो.

तक्ता नीट असूनही शीट फसवते, त्याच्या दोन जागा सांगतो. एक, दोन ‘हो’ डोळ्यांना सारखे दिसतात, पण शीटला वेगळे वाटतात. काही कीबोर्डवरून ओकाराऐवजी ऱ्हस्व ओकाराची खूण पडते, ‘हॊ’. छोट्या पडद्यावर फरक दिसतच नाही. कधी शब्दामागे न दिसणारं अक्षर चिकटून येतं, जे `TRIM` काढत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: `UNIQUE`च्या यादीत ‘हो’ दोनदा दिसला तर तो एक नाही, दोन आहेत. दोघांनाही तक्त्यात वेगळी ओळ द्यायची. दुसरी जागा प्रश्नचिन्हाची. कुणी ‘हो?’ असं लिहिलं, तर `VLOOKUP` त्या प्रश्नचिन्हाला ‘कुठलंही एक अक्षर’ समजतं. मग ‘हो?’ जाऊन ‘होय’ला जुळतं आणि गुपचूप ‘हो’ची किंमत घेऊन येतं. ज्याने शंका विचारली त्याचा होकार नोंदला जातो. म्हणून जोडणीच्या आधी प्रश्नचिन्ह असलेली उत्तरं वेगळी काढून हाताने पाहायची.

आता क्रमाबद्दल. तक्ता अटीच्या आधी का पक्का करायचा, नंतर का नाही? कारण अट एकदा लावली की यादीत नावं दिसू लागतात. किट कमी आणि नावं जास्त असली की ‘थोडं शिरलं’ हे कुणाचं ‘हो’ ठरतं आणि कुणाचं ‘नाही’. ओळखीच्या घराचं ‘थोडं’ जास्त वाटतं, अनोळखी गल्लीतलं ‘थोडं’ खरंच थोडं वाटतं. हे टाळायचं तर तक्ता करताना नावांचा कॉलम लपवायचा आणि समोर फक्त उत्तरं ठेवायची. दोघांनी एकमेकांचं न बघता किमती लिहायच्या, मग ताळा करायचा. जिथे दोघांचं जमलं नाही ती उत्तरं ‘तपासा’त. मग तक्त्यावर तारीख घालून तो बंद करायचा. ‘थोडं’ला एकदा ‘हो’ म्हटलं की मग प्रत्येकाचं ‘थोडं’ ‘हो’च.

हेच काम देशाच्या पातळीवर होतं तेव्हा केवढं होतं ते जनगणनेत दिसतं. जनगणनेत मातृभाषा कुठली, याचं उत्तर माणूस सांगेल ते लिहायचं असतं. 2011 मध्ये अशी 19,569 वेगवेगळी नावं जमा झाली. छाननी करून त्यांची 1,369 मातृभाषांत मांडणी झाली. 1,474 नावं कुठेच बसली नाहीत, ती ‘अवर्गीकृत’ म्हणून वेगळी ठेवली. अट त्यानंतर लागली: देशात किमान 10,000 लोकांनी सांगितलेली मातृभाषा तक्त्यात नावानिशी दाखवायची. अशा 270 निघाल्या आणि त्या 121 भाषांखाली गटवल्या. भोजपुरी सांगणारा शेवटी हिंदीच्या आकड्यात मोजला जातो तो इथे. आपल्यात एकाच घरात कुणी ‘उर्दू’ सांगतो, कुणी ‘दखनी’, कुणी ‘आपली मुसलमानी बोली’. दहा हजारांची अट सगळ्यांना सारखीच आहे. पण कुठलं नाव कुठल्या खणात पडलं, यावर ती पार होते की नाही ते ठरतं. त्या छाननीत मला एक गोष्ट चांगली वाटते: न बसलेल्या 1,474 नावांचा आकडा जाहीर आहे. आपल्या मोहल्ल्याच्या यादीतही शेवटी ‘तपासा’ किती उरले हे लिहिलेलं असावं. शेकडो उत्तरांच्या यादीत ते शून्य असेल तर बहुधा कुणीतरी अंदाजाने भरलेत.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. तक्ता उत्तराचा अर्थ लावतो, उत्तरात नसलेली माहिती आणत नाही. 2019 च्या पुरानंतर शासनाने मोफत गहू-तांदूळ देण्यासाठी क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेलं असावं अशी अट घातली होती आणि तिच्यावर बरीच टीका झाली. ती अट योग्य होती की नाही हा वेगळा विषय. पण अट दिवसांची असेल आणि आपण विचारलं असेल “पाणी शिरलं का?”, तर जगातला सगळ्यात नीट तक्ताही निरुपयोगी आहे. ‘हो’मधून दिवस निघत नाहीत. म्हणून ‘तपासा’वाल्यांना फोन करताना पुन्हा हो-नाहीचा प्रश्न विचारून उपयोग नसतो. “पाणी कुठवर आलं? किती दिवस होतं? शेगडी कधी पेटली?” असं विचारावं. माणूस सांगतो, “गुडघ्याएवढं, तीन रात्री, चौथ्या दिवशी चहा केला.” यातून कुठल्याही अटीसाठी लागेल ती किंमत काढता येते.

यावर काहीजण म्हणतात, मग फॉर्ममध्ये गोल बटणंच द्या, हो किंवा नाही, भानगड मिटली. जो स्वतःच्या हाताने फॉर्म भरतो त्याच्यापुरती ती मिटते. पण फोनवर ‘नाही कसं’ ऐकून बटण दाबणारा पोरगा तोच तक्ता मनातल्या मनात चालवत असतो, फक्त आता तो कुणाला दिसत नाही आणि चुकला तर मूळ शब्द परत तपासायला शिल्लक नसतो. बटणं द्यायचीच तर त्यांच्या खाली एक मोकळी ओळ ठेवावी, “ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहा.” बावड्याच्या त्या यादीत ‘तपासा’त पडलेल्यांना किट मिळालं की नाही, हे त्यांना केलेल्या फोनवर ठरलं. आणि फोन करता आला तो केवळ त्यांचे शब्द कुणी पुसले नव्हते म्हणून.